वृत्तालेखाच्या फोटोवरून घरखर्चाचे रुपये कसे काढावेत आणि टाळता येणारा खर्च कसा ओळखावा

नाशिकला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मागे मला एक फोटो पाठवला. चौकटीच्या वहीच्या पानावर तिच्या दहावीतल्या मुलाने घरखर्चाचा वृत्तालेख काढला होता. शाळेत सांख्यिकीचे प्रकरण चालू असल्यामुळे त्याने कंपास आणि कोनमापक घेऊन तो अगदी मन लावून केला होता, नऊ पाकळ्या नऊ रंगांनी भरल्या होत्या आणि प्रत्येकीत टक्के लिहिले होते. खाली बहिणीचा निरोप होता : "ताई, महिनाअखेरीला हातात काहीच उरत नाही. यात आमचं कुठं चुकतंय ते बघून सांग ना."

फोटोत रुपयांचा एकही आकडा नव्हता, आणि अडचण तिथेच होती. किराणा २६ टक्के आहे हे कळून कोणाच्याही हाती काही लागत नाही. तो तेरा हजार आहे हे कळले, की दुधाचे किती, तेलाचे किती असे प्रश्न आपोआप सुचू लागतात. त्या एका फोटोपासून आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत कसे गेलो, ते क्रमाने लिहीत आहे. रकमा त्याच घरातल्या आहेत, पण रीत कोणत्याही घराला लागू पडेल.

आधी फोटो नीट वाचून घ्यावा

गुणाकाराला बसण्यापूर्वी फोटोतला प्रत्येक आकडा खरोखर तोच आहे ना, याची खात्री करावी. हाताने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ यांची गफलत सर्वांत जास्त होते, आणि ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पिवळा आणि फिकट नारिंगी रंग एकच वाटतात. या फोटोत दोन ठिकाणी शंका होती. शिक्षणाच्या पाकळीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडल्यामुळे तिथला आकडा पूर्ण पुसला गेला होता, आणि 'वीज, गॅस, मोबाईल' या पाकळीतला आकडा १ आहे की ९, ते कळत नव्हते.

स्पष्ट दिसणारे आकडे असे होते : घरभाडे २१, किराणा-दूध-भाजी २६, दुचाकीचा हप्ता ७, प्रवास ८, बाहेरचे खाणे ५, औषधे ३ आणि इतर ९. यांची बेरीज ७९ होते. म्हणजे उरलेल्या दोन पाकळ्यांना मिळून २१ टक्के राहतात. बिलांची पाकळी ९ असेल तर शिक्षण १२, आणि ती १ असेल तर शिक्षण २०. आता कोनाचा विचार करावा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे असल्यामुळे एक टक्का म्हणजे ३.६ अंश. एक टक्क्याची पाकळी सुईसारखी बारीक दिसली असती. इथे तर बिलांची पाकळी दुचाकीच्या हप्त्याच्या पाकळीपेक्षाही रुंद होती. तेव्हा आकडा ९ ठरला, शिक्षण १२ निघाले आणि कोनमापकाची गरजही पडली नाही.

बेरीज ९९ किंवा १०१ आली तर घाबरू नये. टक्के जवळच्या पूर्णांकात लिहिले की एवढा फरक पडतोच. ती ९२ किंवा १०८ आली, तर मात्र कुठला तरी आकडा चुकीचा वाचला आहे किंवा एखादी पाकळी फोटोबाहेर राहिली आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे.

पाकळ्यांत टक्के लिहिलेलेच नसतील, तर फोटोवर कोनमापक ठेवून अंश मोजावेत आणि ३.६ ने भागावे. मात्र त्याआधी वर्तुळाची रुंदी आणि उंची पट्टीने मोजून ती सारखी आहे का, ते पाहावे. फोन तिरपा धरून काढलेल्या फोटोत वर्तुळ लंबगोल होते, आणि मग डाव्या-उजव्या बाजूच्या पाकळ्या आहेत त्यापेक्षा अरुंद, तर वरच्या-खालच्या रुंद दिसतात. उंची रुंदीच्या चार-पंचमांश भरत असेल, तर बाजूची ४० अंशांची पाकळी जेमतेम ३२ अंशांची मोजली जाते. म्हणजे ११ टक्क्यांचे ९ होतात, आणि पन्नास हजारांच्या खर्चात हजाराहून अधिक रुपये नुसत्या तिरप्या फोटोमुळे गायब होतात. अशा वेळी आकडेमोडीची हातचलाखी करत बसण्यापेक्षा फोटो पुन्हा मागवावा. फोन पानाच्या बरोबर वर आडवा धरावा, पानाचे चारही कोपरे दिसू द्यावेत आणि फ्लॅश बंद ठेवावा. फोनमधली कागदपत्रे स्कॅन करण्याची सोय वापरली, तर पान आपोआप सरळ होते.

शंभर टक्के म्हणजे किती रुपये?

सगळ्या हिशेबाचा पाया हाच आहे, आणि बहुतेकांची चूकही इथेच होते. बहिणीच्या घरी भाऊजींचा हातात येणारा पगार ४४,००० रुपये आहे आणि तिला शिवणकामाचे महिन्याला साधारण ८,००० रुपये मिळतात. मग शंभर टक्के म्हणजे ४४,००० धरायचे, ५२,००० धरायचे, की पगारपत्रकावरची कपातीपूर्वीची रक्कम धरायची?

पहिला धागा वृत्तालेखातच सापडतो. त्यात बचतीची पाकळी आहे का, ते पाहावे. बचत दाखवलेली असेल, तर संपूर्ण वर्तुळ बहुधा उत्पन्नाचे असते. बचत नसेल आणि नुसते खर्चच असतील, तर ते एकूण खर्चाचे असते. या फोटोत बचतीची पाकळी नव्हती. म्हणजे पगाराच्या आकड्याने गुणून उपयोग नव्हता.

दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. ज्या खर्चाचे रुपये दर महिन्याला ठरलेले असतात आणि आपल्याला पक्के ठाऊक असतात, असा एक खर्च निवडावा. घरभाडे १०,५०० रुपये आहे आणि त्याची पाकळी २१ टक्क्यांची आहे. १०,५०० ला २१ ने भागले की ५०० येतात. हा झाला एका टक्क्याचा भाव. त्याला शंभरने गुणले की ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याचा एकूण खर्च मिळतो. पडताळा घेण्यासाठी दुसरा ठरलेला खर्च घ्यावा. दुचाकीचा हप्ता ३,५०० रुपये आणि टक्के ७. ३,५०० भागिले ७ म्हणजे पुन्हा ५००. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले म्हणून आम्ही पुढे गेलो.

असा आधार निवडताना शक्यतो मोठी पाकळी घ्यावी, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वृत्तालेखातले ७ टक्के म्हणजे साडेसहा ते साडेसात यांच्या मधले काहीही असू शकते. त्यामुळे हप्त्यावरून काढलेला एकूण खर्च सुमारे ४६,७०० पासून ५३,८०० पर्यंत कुठेही असू शकला असता. तोच भाड्याच्या २१ टक्क्यांवरून काढला, तर ४८,८०० ते ५१,२०० एवढ्याच पट्ट्यात बसतो. लहान पाकळी पडताळ्यासाठी ठीक असते, पण पाया घालायला ती कच्ची पडते.

चुकीचा पाया धरल्यास काय होते, तेही करून पाहिले. फक्त पगार म्हणजे ४४,००० धरले तर भाडे ९,२४० येते, आणि दोघांचे उत्पन्न मिळून ५२,००० धरले तर १०,९२० येते. घरमालकाला दर महिन्याला १०,५०० जातात हे घरातल्या सगळ्यांना माहीत असल्यामुळे दोन्ही उत्तरे खोटी आहेत हे लगेच उघड होते. ज्या रकमेबद्दल घरात दुमत नाही, तिच्याशी उत्तर जुळले पाहिजे.

टक्क्यांचे रुपये

एका टक्क्याचा भाव ५०० रुपये एकदा कळला, की पुढचा भाग पाढ्यांचा आहे. प्रत्येक पाकळीचे टक्के गुणिले ५००.

| खर्च | टक्के | रुपये |
|---|---|---|
| किराणा, दूध, भाजी | २६ | १३,००० |
| घरभाडे | २१ | १०,५०० |
| शिक्षण | १२ | ६,००० |
| वीज, गॅस, मोबाईल | ९ | ४,५०० |
| इतर | ९ | ४,५०० |
| प्रवास | ८ | ४,००० |
| दुचाकीचा हप्ता | ७ | ३,५०० |
| बाहेरचे खाणे | ५ | २,५०० |
| औषधे | ३ | १,५०० |
| एकूण | १०० | ५०,००० |

हे आकडे दिसायला नेमके असले, तरी प्रत्येकात अर्ध्या टक्क्याची, म्हणजे अडीचशे रुपयांची मोकळीक आहे, हे विसरू नये. किराण्याच्या तेरा हजारांत अडीचशे म्हणजे काहीच नाही. बाहेरच्या खाण्याच्या अडीच हजारांत मात्र तेवढा फरक दहा टक्क्यांचा होतो. पासबुकातली बेरीज या रकमेशी तंतोतंत जुळली नाही, म्हणून वृत्तालेख चुकला असे समजू नये. अडीचशेहून जास्त तफावत आली तरच शोधाशोध करावी.

हा वृत्तालेख कोणत्या महिन्याचा आहे, हे मी या टप्प्यावर बहिणीला विचारून घेतले. तो सप्टेंबरचा होता. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेचे शुल्क एकदम येते, दिवाळीच्या महिन्यात कपडे आणि फराळ येतो. अशा महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधला तर तो हमखास फसतो. मोबाईलचा रिचार्ज २८ दिवसांचा असेल, तर वर्षात तो बारा वेळा नव्हे तर तेरा वेळा करावा लागतो. साहजिकच एखाद्या महिन्यात एकाच क्रमांकाचे दोन रिचार्ज पडतात आणि बिलांची पाकळी विनाकारण फुगलेली दिसते.

टाळता येणारा खर्च मोठ्या पाकळीत शोधू नये

तक्ता पाहताच भाऊजींचा पहिला प्रश्न होता, "किराण्याचे तेरा हजार? इथंच कात्री लावायला हवी." जवळजवळ प्रत्येक घरात हेच होते, कारण वृत्तालेखात डोळा सर्वांत मोठ्या पाकळीकडे जातो. पण त्या तेरा हजारांत रोजचे दोन लिटर दूध आहे. लिटरला साठ रुपये धरले तरी महिन्याचे ३,६०० तिथेच गेले. वाढत्या वयाची दोन मुले असलेल्या घरात ते दूध कमी करा म्हणणे मला पटत नाही. पाकळी मोठी आहे म्हणून तो खर्च टाळता येतो असे नाही.

म्हणून मी टाळता येणाऱ्या खर्चाची व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवते. ज्या रुपयाच्या बदल्यात घरात कोणाला काहीही मिळाले नाही, किंवा जे मिळाले ते बंद झाले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, तो रुपया वाया गेला. रविवारी चौघांनी मिळून बाहेर जाऊन मिसळ खाणे यात बसत नाही. ते कमी करायचे की नाही, हे त्या घराने ठरवावे. हे दोन प्रकार एकत्र केले, की हिशेब बाजूला राहतो आणि घरात वाद सुरू होतात.

असा वाया गेलेला रुपया वृत्तालेखात दिसत नाही. तो शोधायला पाकळी फोडावी लागते, आणि सुरुवात 'इतर' पासून करावी. महिनाभराचे बँक खात्याचे विवरण, यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास आणि क्रेडिट कार्डाचे बिल समोर ठेवावे, आणि ज्या नोंदी इतर आठ पाकळ्यांत बसत नाहीत त्या सगळ्या एका कागदावर उतरवाव्यात. आम्ही फोनवर बोलत बोलत त्या उतरवल्या. भिशी १,०००, लग्नाच्या आहेराची ५०१ ची दोन पाकिटे मिळून १,००२, दोन अ‍ॅपची मासिक वर्गणी २९९ आणि १४९ मिळून ४४८, क्रेडिट कार्डाचा उशिराचा दंड ५९०, शालेय किरकोळ वस्तू आणि केशकर्तन ६४०, आणि एटीएममधून काढलेल्या पैशांपैकी कशावर गेले ते न आठवणारे ९४०. बेरीज ४,६२० झाली. तक्त्यातल्या ४,५०० पेक्षा ती १२० ने जास्त आहे, म्हणजे ठरवलेल्या मोकळिकीत बसते.

यातली भिशी पाहून मला बरे वाटले. भिशी हा खर्च नव्हेच. ते पैसे आपली पाळी आली की परत येतात. म्हणजे ज्या घरात काहीच उरत नाही असे बहीण समजत होती, तिथे महिन्याला हजार रुपये बाजूला पडत होते, फक्त ते चुकीच्या पाकळीत लिहिले जात होते. आहेराला हात लावायचा नाही, हे न बोलताच ठरले.

दंडाची गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहिली. ५९० म्हणजे ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. कार्डाचे बिल भरण्याची शेवटची तारीख दर महिन्याची ३ होती आणि पगार ७ तारखेला जमा होतो. खात्यात पैसे पुरेसे नसले की बिल ८ तारखेला भरले जायचे. यात निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता, तारखाच जुळत नव्हत्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच बँकेला असा दंड लावता येतो, आणि बिलाचे चक्र बदलून मागण्याची संधी कार्डधारकाला द्यावी लागते. भाऊजींनी तसा अर्ज केला, आणि आता शेवटची तारीख १२ आहे. वर्षभराची बिले चाळली तेव्हा हा दंड चार वेळा लागलेला आढळला.

वर्गणीच्या बाबतीत १४९ ची मुलगा अभ्यासासाठी वापरतो, ती ठेवली. २९९ ची कोणी केव्हा सुरू केली, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्यासाठी आपण दिलेल्या सगळ्या परवानग्या तिथे एकत्र दिसतात आणि तिथूनच रद्दही करता येतात. फोनवरचे अ‍ॅप काढून टाकले म्हणजे कपात थांबते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. परवानगी रद्द करावीच लागते.

त्यानंतर किराण्याची पाकळी उघडली. त्यात घरपोच मागवलेल्या नऊ लहान ऑर्डरी निघाल्या. कोथिंबीर, पाव, एखादे दही. प्रत्येक बिलात वस्तूंच्या किमतीखाली पोहोचवण्याचे आणि हाताळणीचे मिळून साधारण ३५ रुपये लावलेले होते. नऊ वेळा ३५ म्हणजे ३१५ रुपये, आणि दुकान घरापासून दोन इमारती पलीकडे आहे. अशा ऑर्डरीचे बिल शेवटच्या रकमेवरून कधीच तपासू नये. ते पूर्ण उघडून मधल्या ओळी वाचाव्यात.

बिलांच्या पाकळीत विजेच्या बिलाची एक गोष्ट तेवढी सांगण्यासारखी आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, आणि पुढे आणखी चढे. ३०० च्या वर गेल्यास सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो असे बहिणीला वाटत होते. तसे होत नाही, फक्त वरच्या युनिटांना तो लागतो. त्यामुळे ३०५ युनिट झाले म्हणून घाबरून पंखे बंद करण्याचे कारण नाही. बिलावर मात्र लवकर भरल्यास लागू होणारी कमी रक्कम आणि तिची तारीख छापलेली असते, ती पाहून भरावे.

वर्षाचा हिशेब

वाया जाणारे पैसे वर्षाचे करताना सगळ्यांना सरसकट बाराने गुणू नये. २९९ ची वर्गणी खरोखर बारा वेळा जाते, म्हणून ३,५८८. घरपोच ऑर्डरींचे ३१५ साधारण दर महिन्याला तेवढेच असल्याचे मागच्या तीन महिन्यांवरून दिसले, म्हणून ३,७८०. दंड मात्र चारच वेळा लागला होता, म्हणून २,३६०. एकूण ९,७२८ रुपये.

महिन्याला ही रक्कम ८११ रुपये होते, म्हणजे पन्नास हजारांच्या दीड टक्क्याहून किंचित जास्त. वर्तुळावर तो जेमतेम सहा अंशांचा कोन आहे, आणि तोही दोन पाकळ्यांत विभागलेला. मुलाने कितीही नेटकेपणाने कोनमापक लावला असता, तरी त्याला तो वेगळा दिसला नसता, कारण पूर्णांकात टक्के लिहिताना होणारी घट-वाढच जवळपास तेवढी असते. घरखर्चाच्या वृत्तालेखाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी गळती का सापडत नाही, याचे उत्तर इथे आहे.

न आठवणारे ९४० रुपये मी वाया गेलेल्यांत धरले नाहीत. ते कशावर गेले हे माहीत नसताना त्यांना दोष देणे बरोबर नाही. बहिणीने आता एटीएममधून काढलेले पैसे एका पाकिटात ठेवायला सुरुवात केली आहे, आणि त्यातून नोट काढली की त्याच पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने रक्कम आणि कारण लिहायचे ठरले आहे. मुलाला मी एवढेच सांगितले, की पुढचा वृत्तालेख काढशील तेव्हा वर्तुळाखाली महिन्याचे नाव आणि एकूण खर्चाचे रुपये लिही, भिशीसाठी बचतीची वेगळी पाकळी कर, ती धरून वर्तुळ मग उत्पन्नाचे आखावे लागेल हे ध्यानात ठेव, आणि फोटो काढताना वही जमिनीवर ठेवून बरोबर वरून काढ.